समुद्राच्या फोटोला काय लिहावं

आर्लिस ब्रॅटवोल्ड हिने उभ्या जन्मात गोठ्यात कशाची भीती बाळगली नव्हती. उधळलेल्या वळूला तिने नुसत्या हाकेने कोपऱ्यात उभं केलं होतं. बर्फाचं वादळ सुटलं असताना दोरीला धरून घरातून गोठा गाठला होता. दूध तपासायला येणाऱ्या साहेबाला टाकीपाशी उभं करून त्याच्याच चुका त्याला दाखवल्या होत्या. अशा बाईला त्या जानेवारीत तळहाताएवढ्या फोनने जेरीला आणलं. मैत्रीण समुद्रावर गेली होती, रोज फोटो पाठवत होती, आणि त्या फोटोंना दोन प्रेमाच्या ओळी लिहायच्या होत्या. एवढंच काम. पण साठ गाईंचं दूध काढणं परवडलं, ते काम नको, असं तिला झालं होतं.

विस्कॉन्सिनच्या आमच्या या डेअरीच्या मुलखात जानेवारी म्हणजे पांढरं, मुकं, लांबच लांब पसरलेलं शेत, आणि त्यात मधूनच एखाद्या गोठ्याचा पिवळा दिवा. आर्लिसच्या गोठ्याच्या पलीकडच्या टेकाडावर पूर्वी दुसरा दिवा दिसायचा. तो लव्हॉनचा. दोघी शाळकरी होत्या तेव्हा जत्रेत वासरं घेऊन शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, तेव्हापासूनची ही मैत्री. दोघींनी शेतकऱ्यांशीच लग्नं केली, दोघींच्या हाताला दुधाचा तोच आंबूस वास. मग लव्हॉनच्या नवऱ्याचे, गॉर्डीचे, गुडघे गेले आणि दोन वर्षांपूर्वी त्यांनी गोठा मोडला. लिलावाच्या दिवशी एकेक गाय बाहेर निघाली तशी लव्हॉन आर्लिसच्या कोटाची बाही धरून उभी राहिली. टेकाडावरचा दिवा त्या रात्रीपासून विझला.

दोघींनीही समुद्र पाहिला नव्हता. गाई सवड देतील तेव्हा दोघींनी मिळून जायचं, असं तरुणपणी ठरलं होतं. पण गाई कुणाला सवड देतात? लव्हॉनच्या गाई गेल्या तेव्हा तिला सवड मिळाली. तिने अलाबामाच्या किनाऱ्यावर महिन्याभरासाठी घर घेतलं आणि आर्लिसला म्हणाली, एक आठवडा तरी ये. आर्लिसने बदली माणूस शोधला, त्याला गाईंच्या खोड्या शिकवल्या, बॅगही काढून ठेवली. नाताळाच्या तोंडावर त्या माणसाला कारखान्यात नोकरी लागली. दुसरा मिळेना. बॅग परत माळ्यावर गेली आणि लव्हॉन नवऱ्याला घेऊन निघून गेली.

पहिला फोटो आला तो पांढुरक्या वाळूत रुतलेल्या दोन पायांचा. आर्लिस दूधघरात बादल्या धूत होती. तिने हात पुसले, फोटो पाहिला, आणि पोटात कुणीतरी ओला टॉवेल पिळल्यासारखं झालं. हे काय होतंय ते तिला लगेच कळलं, आणि कळल्यामुळे आणखी राग आला. लव्हॉनचा नाही, स्वतःचा. साठी उलटलेल्या बाईला मैत्रिणीच्या पायांचा हेवा वाटावा.

फोनने फोटोखाली स्वतःहून तीन उत्तरं मांडून ठेवली होती. "किती सुंदर!" "मस्तच!" "मजा करा!" नुसतं बोट टेकवलं की काम झालं. तिने टेकवलं. दुसऱ्या दिवशी पक्ष्याचा फोटो आला, पुन्हा टेकवलं. तिसऱ्या दिवशी बोट आपोआप तिथे गेलं. चौथ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की आपण सलग दोन दिवस तेच उत्तर पाठवलंय, अक्षराचाही फरक नाही.

त्या दुपारी मुलीचा, काराचा, फोन आला. कारा शहरात दातांच्या दवाखान्यात असते आणि माणसांना तोंड उघडायला लावायची सवय तिला घरीही सुटत नाही. आर्लिसने सहज सांगितल्यासारखं सांगितलं. कारा आधी हसली, मग वैतागली.

"अगं आई, तू तर दुकानातून बिलाबरोबर येतं तसलं कार्ड पाठवतेस. त्यापेक्षा न लिहिलेलं बरं."

"मग काय लिहू? कविता?"

"फोटो नीट बघ. त्यातली एक गोष्ट धर, जी दुसऱ्या कुणाला दिसली नसती. ती लिही. मग एक प्रश्न विचार, खरा प्रश्न, ज्याचं उत्तर तिला द्यावंसं वाटेल. बस. गाईंचं रडगाणं नको. हवामान तर मुळीच नको."

"हवामान का नको?"

"तिकडे ऊन पडलंय असं तिने कळवलं आणि इकडून तू शून्याखालचा आकडा कळवलास, तर ते काय होतं? ती बिचारी उन्हात बसून ओशाळते. आणि 'तू यासाठी पात्र आहेस' असलंही काही लिहू नकोस. तू काय तिला सुट्टी मंजूर करणार आहेस?"

आर्लिसने विचारलं, हेवा वाटतोय हे सांगावं की लपवावं. मग कारा म्हणाली की मिठाएवढा चालतो. चिमूटभर घातला तर चव येते, खोटेपणा जातो. मूठभर घातला तर जेवणच फेकावं लागतं.

लेकीने आपल्याला शिकवावं, तेही बरोबर शिकवावं, याचा आर्लिसला संध्याकाळभर वैताग आला. पण दुसऱ्या दिवशी सकाळच्या धारेच्या वेळी फोन वाजला तेव्हा तिने ठरवलं, आज नीट लिहायचं.

फोटो जरा अंधारा होता. राखाडी पाणी, राखाडी आभाळ, वाळूत एक रिकामी खुर्ची. तिने बघितलं, पण बघताना मनात दुसरंच. ती खुर्ची माझी होती, हेच डोक्यात घण घालत राहिलं. म्हणून तिने एक युक्ती केली. घसा साफ करण्यासाठी माणूस आधी खाकरतो, तसं मनातलं खरं एकदा लिहून टाकावं, मग पुसावं, मग गोड लिहावं. थंडीने ताठरलेल्या बोटांनी तिने लिहिलं: "मजा आहे बाई एकेकाची."

तेवढ्यात पलीकडच्या रांगेतल्या म्हाताऱ्या गाईने लाथ घालून दूध काढायचं यंत्र उडवून दिलं. नळ्या शेणात पडल्या, हवा ओढल्याचा फुसफुसाट गोठाभर झाला. आर्लिसने फोन दूधघराच्या खिडकीच्या चौकटीवर ठेवला आणि धावली.

तिचा नवरा ड्वेन दूधघरात शिरला तो त्याच वेळी. ड्वेन भला माणूस. पण आमच्याकडच्या पुरुषांत एक खोड आहे. हवामान नसलेला मजकूर त्यांना अर्धवट वाटतो, सही नसलेल्या पत्रासारखा. लग्नाची आमंत्रणं असोत की सांत्वनाची पत्रं, बाहेर किती थंडी आहे ते लिहिल्याशिवाय त्यांची लेखणी थांबत नाही. फोन उघडा, समोर लव्हॉनचं नाव, खाली एक ओळ लिहून राहिलेली. बायको घाईत पाठवायला विसरली असं समजून त्याने ती पूर्ण केली. "इथे शून्याखाली अठरा. गाईंच्या पाण्याच्या वाट्या गोठल्या. एक गाय अडली आहे." आणि मोठ्या समाधानाने पाठवून दिली.

आर्लिस परत आली तेव्हा तो म्हणाला, "लव्हॉनचं तुझं राहिलं होतं, ते मी संपवलं."

तिने वाचलं. दोनदा वाचलं. मग ती बादली उचलून गोठ्यात गेली आणि न्याहारीपर्यंत तिने ड्वेनशी शब्द काढला नाही. त्याला कारण कळेना. न्याहारीच्या वेळी त्याने विचारलं, आकडा चुकला का. तो खरंच अठरा होता.

"आकडा बरोबर आहे," आर्लिस म्हणाली. "तोच तर घोळ आहे."

निरोप मागे घ्यावा म्हटलं तर त्याखाली "पाहिला" अशी खूण आली होती. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी फोटोही आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. आता बघा माणसाच्या मनाची गंमत. ज्या फोटोंनी ती गांजली होती ते थांबले, तर ती दर गाईमागे हात पुसून फोन बघायला लागली. फोटो येत होते तेव्हा जीव जळत होता, आता येत नव्हते तर जीव थाऱ्यावर नव्हता. एवढी वर्षं दोघींत भांडण झालं नव्हतं असं नाही, पण गप्प बसणं कधी झालं नव्हतं. पन्नास वर्षांच्या मैत्रीला एका ओळीने आणि एका थंडीच्या आकड्याने तडा जावा, हे तिला गोठ्यात, ट्रॅक्टरवर, भांडी घासताना छळत राहिलं.

सगळं ड्वेनवर ढकलणं सोपं होतं. "अगं, ते यांनी पाठवलं" एवढं लिहिलं की सुटका. लव्हॉन ड्वेनला ओळखत होती, तिने हसून सोडून दिलं असतं. आर्लिसने ते दोनदा लिहिलं आणि दोनदा पुसलं. कारण हवामान ड्वेनचं होतं, पण पहिली ओळ तिची होती, आणि लव्हॉनला बायकांची ओळ आणि पुरुषांची ओळ ओळखू येत नसेल, एवढी ती भोळी नव्हती.

गुरुवारी चर्चच्या तळघरात गोधड्या शिवायला बायका जमतात. कॉफीचं मोठं पातेलं, पत्र्याच्या ताटात लिंबाच्या चौकोनी वड्या, आणि लांब टेबलावर पसरलेले कापडाचे तुकडे. आर्लिस सुई ओवून बसली तशी शेजारची गर्डा पुटपुटायला लागली. गर्डा ही बाई कुणाचं चांगलं झालं की "बरं झालं हो तिचं" असं म्हणते, आणि ते अशा सुरात म्हणते की ऐकणाऱ्याला वाटावं, त्या बिचारीचं काहीतरी वाईट झालं असणार.

"आजही आले लव्हॉनचे फोटो," गर्डा म्हणाली. "कोळंबीचं ताट. बरं झालं हो तिचं. एक ताट देवालाही पाठव म्हणावं."

आर्लिसच्या हातातली सुई थांबली. म्हणजे बाकीच्यांना येत होते. फक्त तिचे बंद झाले होते. तिने कसंबसं विचारलं, बघू का. गर्डाने चष्मा वर करून फोन पुढे सरकवला आणि बोटाने एकेक फोटो पलटत गेली. कोळंबीचं ताट. लाल मावळता सूर्य. टोपी घालून हसणारा गॉर्डी. छत्रीखाली हसणारी लव्हॉन, दात दिसतील असं, फोटोसाठी हसतात तसं.

"एवढेच?" आर्लिसने विचारलं.

"अजून किती हवेत? मला तर पहिल्यालाच ऊन लागलं."

त्यात राखाडी पाणी नव्हतं. रिकामी खुर्ची नव्हती. वाळूत रुतलेले ते दोन पायही नव्हते. आर्लिसने शिवण बाजूला ठेवली, कोट घातला, आणि कॉफी न घेताच बाहेर गाडीत जाऊन बसली. गर्डाने मागून विचारलं की गाय व्याली का, पण तिने मागे वळून पाहिलं नाही.

गाडीच्या काचेवर बर्फाची जाळी धरली होती. आर्लिसने हातमोजा दातांनी ओढून काढला आणि तिला आलेले सगळे फोटो पहिल्यापासून उघडले. या वेळी स्वतःला त्यात शोधायचं नाही, असं तिने मनाला बजावलं. फक्त बघायचं. गाय आजारी आहे का हे बघताना जसं आपण काही ठरवून बघत नाही, नुसतं उभं राहतो आणि बघतो, तसं.

एकाही फोटोत ऊन नव्हतं. सगळे उजाडायच्या आधीचे. पाय होते ते अनवाणी, पण वर पायजमा आणि त्याच्यावर दूध संघाचा जुना, कोपरावर विरलेला स्वेटशर्ट, जो लव्हॉन गोठ्यात घालायची. खांबावरचा तो पक्षी, थैलीसारख्या चोचीचा पेलिकन, मान आत ओढून बसला होता. खुर्ची रिकामी होती, कारण त्या वेळी उठणारं तिथे दुसरं कुणी नव्हतं. निजलेल्या किनाऱ्यावर एकटी उभी राहून ही बाई फोटो काढत होती, आणि त्या वेळेला जगात आणखी कोण जागं असतं हे तिला माहीत होतं. गाई गेल्या, पण गाईंची वेळ तिच्या हाडांतून गेली नव्हती. गर्डाला समुद्र दाखवला जात होता. आर्लिसला मात्र ती काहीतरी सांगत होती, आणि आर्लिस त्याला बोट टेकवून "मस्तच" म्हणत होती.

"गाढव," आर्लिस स्वतःला म्हणाली. मोठ्याने म्हणाली, कारण गाडीत दुसरं कुणी नव्हतं.

मग ती लिहायला बसली. आधी फार मोठं लिहिलं. बदली माणूस, माळ्यावरची बॅग, अडलेली गाय, सगळं. वाचून पाहिलं तर ते उत्तर नव्हतं, तक्रारअर्ज होता. ते वाचून लव्हॉनला आर्लिसचीच समजूत काढत बसावं लागलं असतं, सुट्टीत. ते पुसलं. मग नुसती माफी लिहिली, चार ओळींची. तीही पुसली. इतकी माफी मागितली की समोरच्याला "छे छे, काही नाही गं" म्हणायची पाळी येते. मग गोड गोड लिहिलं, ते वाचून तिलाच गर्डाचा आवाज ऐकू आला. बोटं बधिर झाली. तिने ती काखेत धरून ऊब दिली आणि मग, धारा काढताना हात जसा आपोआप लयीत येतो, तशी ती एकदाची लयीत आली.

"लव्हॉन, तुझा तो पेलिकन खांबावर असा बसलाय की कॉफी मिळायच्या आधीचा ड्वेनच. तो रोज तिथेच असतो का? आणि त्या वेळेला वाळू पायाला गार लागते की उबदार? परवाच्या निरोपातलं हवामान ड्वेनचं, पहिली ओळ माझी. हेवा वाटला. अजून थोडा आहे, त्याचं मी बघून घेईन. फोटो बंद करू नकोस. समुद्राचा आवाज कसा असतो ते कळव, फोटोत तो ऐकू येत नाही."

पाठवलं. आता बोट मागे घेता येणार नव्हतं. पडद्यावर तीन ठिपके उठले, म्हणजे लव्हॉन पलीकडे लिहायला लागली होती. ठिपके गेले. पुन्हा आले. पुन्हा गेले. आर्लिसला वाटलं, अडलेली गाय परवडली. तिच्यापाशी निदान दोरी तरी ओढता येते. तिने गाडी चालू केली, बंद केली. काच पुसली. ठिपके पुन्हा आले.

"गार," लव्हॉनने लिहिलं. "दूधघराच्या फरशीसारखी. तळव्यातून कळ जाते."

मग थोड्या वेळाने दुसरं आलं. "मला त्या वेळी जाग येतेच. गॉर्डी घोरत असतो. आधी दोन दिवस नुसती छताकडे बघत पडले, मग बाहेर जायला लागले. तिथे उभी राहिले की हात कुठे ठेवावे कळत नाही बघ. तुझी ती ओळ वाचून मी रडले नाही, चिडले. म्हटलं, हिला वाटतंय मी मिरवतेय."

आर्लिसने लिहिलं, "वाटलं होतं."

"आता?"

"आता गर्डाला पाठवलेले फोटो बघितले. मिरवणं काय असतं ते कळलं."

मग पलीकडून एकदम फोटोच यायला लागले, एकामागून एक, फोन मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गुणगुणायला लागला. लव्हॉनने दोन दिवसांचे साठवलेले फोटो सोडले होते. पेलिकन पाठमोरा. पेलिकन समोरून. पेलिकन पंख झटकताना, त्यात पेलिकन नव्हताच, नुसता पुसट फराटा. वाळूवर स्वतःची सावली. मेलेला खेकडा, दोन बाजूंनी. खांब, रिकामा, खाली लिहिलेलं: "आज आला नाही. काळजी वाटते."

आर्लिसने कपाळाला हात लावला. एकेकाला नीट उत्तर लिहायचं तर संध्याकाळच्या धारा कोण काढणार? एका मिनिटापूर्वी जी बाई या फोटोंसाठी झुरत होती तिला आता वाटलं, जरा दम खा गं बाई. आणि सगळ्यांच्या शेवटी आवाज होता. तिने तो लावला. घों घों, फर्र, मधेच काहीतरी आपटल्यासारखं, मग पुन्हा घों घों.

घरी आली तेव्हा ड्वेन स्वयंपाकघरात सूप ढवळत होता. त्याच्या चेहऱ्यावर अजून तोच भाबडा अपराधी भाव, गुन्हा न कळलेल्या माणसाचा. तिने फोन त्याच्या कानाशी धरला. त्याने चमचा थांबवून नीट ऐकलं.

"हे काय?"

"समुद्र."

"हा तर वारा आहे," ड्वेन म्हणाला. "गोठ्याचा पंखा बिघडला की असाच वाजतो."

आर्लिसने फोन स्वतःच्या कानाला लावला आणि पुन्हा ऐकला. खरंच पंख्यासारखा होता. तिला हसू आलं आणि हसता हसता पोटात तो टॉवेल पुन्हा थोडासा पिळला गेला, पूर्वीपेक्षा हलका. तिने त्याला येऊ दिलं. मग खुर्ची ओढून बसली, चष्मा लावला, आणि मेलेल्या खेकड्यापासून सुरुवात केली.

"ड्वेन म्हणतो पंखा," तिने लिहिलं. "मला पटत नाही. उद्या पाण्याच्या आणखी जवळ जाऊन आवाज घे. आणि तो खेकडा मेला कशाने?"